p गुणिले (1 − p): एका सूत्राची ये-जा

२८ जानेवारी १९८६ रोजी 'चॅलेंजर' हे अमेरिकी अंतराळयान उड्डाणानंतर ७३ सेकंदांत कोसळलं आणि आतले सातही जण गेले. दोष निघाला उजव्या बूस्टर रॉकेटच्या एका सांध्यात. तिथली रबराची ओ-रिंग थंडीने इतकी ताठर झाली होती, की सांधा वेळेत बंद झाला नाही आणि आतला तापलेला वायू बाहेर पडला. या दुर्घटनेवर पुष्कळ लिहिलं गेलं आहे. मला तिच्यामागे राहिलेला एक छोटा तक्ता दाखवायचा आहे, कारण यंत्रांना शिकवण्याच्या गणितातलं एक फार वापरलं जाणारं सूत्र त्यात स्वच्छ दिसतं.

'चॅलेंजर'च्या आधी शटलची २४ उड्डाणं झाली होती. एका उड्डाणाचे बूस्टर समुद्रात बुडाले. उरलेल्या २३ उड्डाणांचे बूस्टर परत आणून उघडून तपासले गेले. त्यांपैकी ७ उड्डाणांत ओ-रिंगला उष्णतेची इजा झालेली आढळली. त्या वेळची तापमानं फॅरनहाइटमध्ये ५३, ५७, ५८, ६३, ७०, ७० आणि ७५ अशी होती. बाकीची १६ उड्डाणं ६६ ते ८१ अंशांमध्ये झाली आणि त्यांत काहीच बिघडलं नव्हतं. म्हणजे ६५ अंशांच्या खाली (आपल्याकडचे १८ सेल्सियस) जी चार उड्डाणं झाली, त्या चारही वेळा इजा झाली. ६५ च्या वर १९ पैकी फक्त तीनदा.

इथे उत्तर 'इजा झाली' किंवा 'नाही झाली' एवढंच आहे, म्हणजे १ किंवा ०. आपल्याला मात्र मधलं काहीतरी हवं आहे: अमुक तापमानाला इजेची शक्यता किती? त्यासाठी लॉजिस्टिक रिग्रेशन वापरतात. आधी तापमानावरून एक साधी सरळ रेषा काढायची. या २३ नोंदींवर ती अशी बसते:

z = 15.0429 − 0.2322 × तापमान

हा z कितीही मोठा किंवा उणे असू शकतो, त्यामुळे तो शक्यता म्हणून चालत नाही. म्हणून तो सिग्मॉइड फलनातून काढतात:

p = 1 / (1 + e^(−z))

आता p नेहमी ० आणि १ च्या मध्येच राहतो. z शून्य असेल तर p बरोबर अर्धा. z मोठा होत गेला तर p एकाच्या जवळ सरकतो, पण पोहोचत नाही. खालच्या बाजूला शून्याशीही तसंच. आपल्या तक्त्यात ७५ अंशांना p निघतो ०.०८५, ६५ ला ०.४९ आणि ५३ ला ०.९४.

पुढचा प्रश्न कुठल्याही इंजिनिअरला पडेल. तापमान आणखी एक अंश उतरलं तर धोका कितीने वाढेल? रेषेवर उत्तर सोपं आहे, दर अंशाला z ०.२३२२ ने वाढतो. शक्यतेचं उत्तर मात्र आपण वक्ररेषेवर कुठे उभे आहोत त्यावर ठरतं. वक्ररेषेचा त्या ठिकाणचा चढ म्हणजेच तिचा डेरिव्हेटिव्ह. सिग्मॉइडच्या बाबतीत तो काढायला वक्ररेषा पुन्हा चाळावी लागत नाही. हाती आलेला p घ्यायचा, त्याला एकातून वजा p ने गुणायचं, झालं.

dp/dz = p × (1 − p)

६५ अंशांना p ०.४८७५ आहे. ०.४८७५ गुणिले ०.५१२५ म्हणजे जवळपास ०.२५. त्याला ०.२३२२ ने गुणलं की ०.०५८. म्हणजे तिथे एक अंश गारठा वाढला तर इजेची शक्यता सुमारे पावणेसहा टक्क्यांनी वाढते. पडताळून पाहायचं असेल तर ६४ अंशांचा p थेट काढा. तो ०.५४५४ येतो, म्हणजे फरक ०.०५७९. ७५ अंशांना हाच हिशेब केला तर एका अंशामागे दोन टक्केसुद्धा भरत नाहीत. रेषा तीच, तापमानातला फरक तोच, पण परिणाम तिपटीने कमी.

हे सूत्र येतं कुठून? शाळेतल्या कॅल्क्युलसने ते चार ओळींत निघतं, आणि त्या चार ओळी एकदा डोळ्यांखालून घालण्यासारख्या आहेत. छेदाला D म्हणू, म्हणजे D = 1 + e^(−z) आणि p = 1/D. छेद बदलला की 1/D किती बदलतो, तर −1/D² पट. आणि z बदलला की D किती बदलतो, तर −e^(−z) पट. दोन उणे चिन्हं एकमेकांना खाऊन टाकतात आणि हातात राहतं:

dp/dz = e^(−z) / D² = (1/D) × (e^(−z)/D)

पहिला तुकडा तर p च आहे. दुसऱ्या तुकड्यात e^(−z) म्हणजे D − 1, म्हणून तो तुकडा (D − 1)/D, म्हणजे 1 − 1/D, म्हणजेच 1 − p. बहुतेक पुस्तकं इथे थांबतात आणि 'सोपं रूप मिळतं' असं म्हणून पुढे जातात. विद्यार्थ्याला वाटतं, नशीब चांगलं म्हणून e ची भानगड मिटली.

यात नशिबाचा भाग नाही. ही वक्ररेषा मुळात याच गुणाकारासाठी जन्माला आली. बेल्जियमचा गणिती प्येर फ्रान्स्वा वेरहुल्स्ट याने १८३८ मध्ये लोकसंख्यावाढीचं एक समीकरण मांडलं. लोकसंख्या जितकी जास्त तितके जन्म जास्त, हे खरं. पण जमीन आणि अन्न यांना मर्यादा असते, म्हणून उरलेली जागा जितकी कमी तितकी वाढ मंद. दोन्ही गोष्टी एकाच वेळी लागू करायच्या तर वाढीचा वेग 'आहे तेवढं' गुणिले 'उरलं तेवढं' असाच ठेवावा लागतो. १८४५ मध्ये त्याने या वक्ररेषेला 'लॉजिस्टिक' हे नाव दिलं. गावात बातमी पसरते तीही अशीच. ज्यांना ठाऊक आहे ते सांगणारे, ज्यांना ठाऊक नाही ते ऐकणारे, आणि नवी सांगासांगी या दोघांच्या गाठी किती पडतात त्यावर अवलंबून. सुरुवातीला सांगणारेच कमी, शेवटी ऐकणारे उरत नाहीत, निम्म्या गावाला कळलेलं असतं तेव्हा बातमी सगळ्यांत जोरात धावते. म्हणजे वेरहुल्स्टच्या हातात चढ आधी होता आणि त्या चढावरून त्याने वक्ररेषा शोधली. आपण वर्गात उलट्या बाजूने चालत येतो, म्हणून शेवटी सापडलेला p(1 − p) आपल्याला योगायोग वाटतो.

शक्यतेच्या भाषेतही याचं कारण सांगता येतं, आणि लॉजिस्टिक रिग्रेशनला तेच जवळचं आहे. p ला (1 − p) ने भागलं की होण्याचं न होण्याशी प्रमाण मिळतं. शर्यतीच्या मैदानावर 'तीनास एक' म्हणतात ते हेच. या प्रमाणाचा लॉगॅरिदम म्हणजे आपला z. या संख्येला 'लॉजिट' हे नाव जोसेफ बर्कसन यांनी १९४४ मध्ये दिलं. आता p थोडासा वाढवला तर अंशस्थानचा p वाढतो आणि छेदातला (1 − p) घटतो, म्हणजे z ला दोन्हीकडून धक्का बसतो. एका बाजूने 1/p एवढा, दुसऱ्या बाजूने 1/(1 − p) एवढा. या दोन अपूर्णांकांची बेरीज करून पाहा. वरती p अधिक (1 − p), म्हणजे नुसता १. खाली p(1 − p). 'होईल' आणि 'होणार नाही' मिळून नेहमी एकच भरतात, एवढ्या एका गोष्टीवर सगळा सोपेपणा उभा आहे. z चा p नुसार चढ 1/(p(1 − p)) असेल, तर p चा z नुसार चढ त्याचा उलटा, म्हणजे p(1 − p).

आता लॉजिस्टिक रिग्रेशनमध्ये हे सूत्र काय करतं ते पाहू. इथेच बरेच जण गोंधळतात. 15.0429 आणि 0.2322 हे आकडे आकाशातून पडत नाहीत. आधी कुठल्यातरी अंदाजी आकड्यांपासून सुरुवात करायची, प्रत्येक उड्डाणाला p काढायचा, तो प्रत्यक्ष घडलेल्या y शी (१ किंवा ०) ताडून पाहायचा, चुकीचा दंड मोजायचा आणि दंड कमी होईल त्या दिशेने आकडे हलवायचे. दंडाचा नियम असा: इजा झाली असेल तर −ln p, झाली नसेल तर −ln(1 − p). घडलेल्या गोष्टीला तुम्ही जितकी कमी शक्यता दिली असेल, तितका दंड जबर. याला लॉग-लॉस म्हणतात.

हलवायचं किती, हे ठरवायला दंडाचा z नुसार चढ लागतो. इजा झाली असेल तेव्हा दंडाचा p नुसार चढ −1/p. त्याला p(1 − p) ने गुणलं की p कटतो आणि −(1 − p), म्हणजेच p − 1 उरतो. इजा झाली नसेल तेव्हा चढ 1/(1 − p). गुणलं की (1 − p) कटतो आणि नुसता p उरतो, म्हणजे p − 0. दोन्ही वेळा उत्तर एकच: p − y. अंदाज वजा वास्तव. ज्या p(1 − p) साठी एवढा खटाटोप केला, तो ऐन कामाच्या वेळी मधून निघून जातो, आणि निघून जातो हेच बरं.

कारण तो राहिला असता तर काय झालं असतं? समजा लॉग-लॉसऐवजी चुकीचा वर्ग हा दंड धरला. तेव्हा कापाकाप होत नाही आणि (मागचा दोनाचा गुणक सोडून दिला तर) चढ (p − y) × p(1 − p) एवढा राहतो. आता सुरुवातीचे अंदाजी आकडे इतके वाईट आहेत असं धरा, की इजा झालेल्या एका उड्डाणाला p फक्त ०.०००४ दिला गेला. चूक जवळपास संपूर्ण आहे. लॉग-लॉसमध्ये सुधारणेचा जोर जवळपास १ येतो. वर्गाच्या दंडात तो आणखी ०.०००४ ने गुणला जातो, म्हणजे अडीच हजार पट कमी. ज्याने सर्वांत मोठी चूक ठासून केली, त्यालाच सर्वांत कमी टोकलं जातं. गणित तासन्‌तास चालतं, आकडे मात्र जागचे हलत नाहीत.

या कापाकापीतून एक गोष्ट फुकट मिळते. दंड सर्वांत कमी होतो तिथे सगळ्या p − y ची बेरीज शून्य व्हावीच लागते. म्हणून आपल्या २३ उड्डाणांचे २३ p काढून बेरीज केली तर ती ७ भरली पाहिजे, कारण प्रत्यक्ष ७ उड्डाणांत इजा झाली होती. सॉफ्टवेअरने बसवलेल्या रेषेची ही मला सर्वांत आवडती तपासणी आहे. कॅल्क्युलेटर पुरतो. रेषेत सुरुवातीचा स्थिर आकडा असेल आणि बेरीज जमत नसेल, तर गणित मध्येच थांबलं आहे किंवा त्याला बाहेरून काही बंधन घातलेलं आहे.

हाच नियम उड्डाणाच्या आदल्या रात्रीच्या चर्चेवरही प्रकाश टाकतो. अपघाताची चौकशी करणाऱ्या रॉजर्स आयोगाने नोंदवलं, की तापमानाचा विचार करताना इजा झालेल्या उड्डाणांवरच लक्ष होतं आणि निर्धोक पार पडलेली उड्डाणं बाजूला राहिली. समजा फक्त त्या ७ नोंदी घेऊन लॉजिस्टिक रिग्रेशन केलं. सातही y एक आहेत, तेव्हा p ची बेरीज ७ भरायला प्रत्येक p पुरता १ व्हावा लागेल. सिग्मॉइड एकाला कधीच शिवत नाही, म्हणून आकडे अनंताकडे पळत सुटतात. तापमानाबद्दल त्या ७ नोंदी काहीच सांगू शकत नाहीत. बोलतात त्या उरलेल्या १६.

प्रोग्राम लिहिणाऱ्यांसाठी एक सावधगिरी. p(1 − p) कोडमध्ये लिहिताना फलनाला काय द्यायचं यात हमखास घोळ होतो.

```python
from math import exp

def sigmoid(z):
    return 1 / (1 + exp(-z))

def slope(p):
    return p * (1 - p)
```

`slope` ला z नव्हे, p द्यायचा असतो. z = 3 साठी `slope(sigmoid(3))` बरोबर ०.०४५२ देतं. चुकून `slope(3)` लिहिलं तर −6 येतं, आणि ही चूक लगेच पकडता येते, कारण हा चढ कधी उणे नसतो आणि ०.२५ च्या वरही जात नाही. खरा त्रास देते ती दुसरी चूक: आधीच काढलेला p पुन्हा `sigmoid` मधून काढून मग `slope` ला देणं. तेव्हा उत्तर ०.२०१ येतं. दिसायला बरोबर, मर्यादेच्या आत, पण साडेचार पट फुगलेलं. अशा वेळी सूत्रावर विसंबू नका. z = 3.001 आणि z = 2.999 या दोन ठिकाणचे p वजा करून ०.००२ ने भागा. ०.०४५२ यायला हवा.

रेषा बसवताना निघून गेलेला p(1 − p) पुढे दुसऱ्या दाराने परत येतो. हो-नाही प्रकारच्या घटनेत किती अनिश्चितता आहे, ते मोजणारी संख्याही हीच. p अर्धा असेल तर अनिश्चितता सर्वांत जास्त, टोकांना जवळपास शून्य. त्यामुळे रेषा किती पक्की बसली आहे हे मोजताना प्रत्येक उड्डाणाला त्याच्या p(1 − p) एवढं वजन मिळतं. ६६ अंशांच्या उड्डाणाचं वजन ०.२४५, तर ८१ अंशांच्या उड्डाणाचं ०.०२२, म्हणजे अकरा पटीने कमी. ८१ अंशांना काही बिघडलं नाही हे मॉडेलला आधीच माहीत होतं. त्यातून नवं कळलं ते थोडंच. एखाद्या तक्त्यात एका तापमानाखाली सगळे १ आणि त्यावर सगळे ० असतील, तर सगळीच वजनं शून्याकडे जातात आणि R हे सॉफ्टवेअर `fitted probabilities numerically 0 or 1 occurred` अशी सूचना देतं. ती दिसली की खालच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नये.

आता ३१ अंशांकडे येऊ. उड्डाणाच्या वेळचा अंदाज म्हणून अभ्यासकांनी वापरलेलं हे तापमान शून्य सेल्सियसच्याही किंचित खाली जातं. आपल्या रेषेत ते घातलं तर z येतो ७.८४ आणि p ०.९९९६. p(1 − p) उरतो अवघा ०.०००३९. इथे दोन गैरसमज होतात. पहिला असा, की यान कोसळण्याची शक्यता ०.९९९६ होती. तसं नाही. ही निदान एका ओ-रिंगला इजा होण्याची शक्यता आहे, आणि इजा होऊनही आधीची सात यानं सुखरूप परतली होती. सिद्धार्थ दलाल, एडवर्ड फाउल्क्स आणि ब्रूस होडली यांनी १९८९ मध्ये याच नोंदींचा सविस्तर अभ्यास केला. ३१ अंशांना सांध्याच्या ओ-रिंगा प्राणघातकरीत्या निकामी होण्याची शक्यता त्यांनी निदान १३ टक्के काढली, आणि ६० अंशांपर्यंत थांबलं असतं तर ती सुमारे २ टक्क्यांवर आली असती.

दुसरा गैरसमज जास्त आत दडलेला आहे आणि तो p(1 − p) नेच होतो. चढ इतका कमी, म्हणजे आकडा अगदी पक्का, असं वाटतं. z मधली अनिश्चितता चढाने गुणून p मधली अनिश्चितता काढण्याचा एक सोपा रिवाज आहे. ३१ अंशांना z ची प्रमाण-त्रुटी सुमारे ४ आहे, तिला ०.०००३९ ने गुणलं की ०.००१६ येतात, जणू ०.९९९६ मध्ये काही हलायला जागाच नाही. पण सर्वांत थंड उड्डाण ५३ अंशांचं होतं आणि त्याच्या खालच्या २२ अंशांत एकही नोंद नाही. तो सपाटपणा सिग्मॉइडच्या आकाराचा आहे, नोंदींनी दिलेला नाही. तोच हिशेब आधी z वर करा: ७.८४ च्या दोन्ही बाजूंना सुमारे ८ घ्या, आणि मिळालेली दोन टोकं सिग्मॉइडमधून काढा. आता शक्यतेचा पट्टा जवळपास ०.५ पासून पार १ पर्यंत पसरतो. तुमच्याकडे लॉजिस्टिक रिग्रेशनचा अहवाल आला आणि त्यात ०.९९ च्या पुढे एखादा अगदी अरुंद पट्टा दिसला, तर तो z वर काढला होता की p वर, एवढं आधी विचारून घ्या.